डेपो कुठे, हा शेवटचा प्रश्न

कचरा डेपो पेटला, किंवा डेपोशेजारच्या गावाने गाड्या अडवल्या, की शहरात एक ठरावीक वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, शहराचा कचरा कुठेतरी जायलाच हवा, मूठभरांच्या हट्टापायी लाखोंना वेठीला का धरायचं? दुसरी म्हणते, तुमची घाण तुमच्या दारात ठेवा. मग तिसरा कुणीतरी परदेशातल्या चकचकीत भट्टीचा फोटो दाखवतो: कचरा जाळा, वीज मिळवा, जागेचा प्रश्नच मिटला. चौथा शून्य कचऱ्याची घोषणा करतो. पाऊस पडून आग विझते, गावाशी काहीतरी तडजोड होते, गाड्या पुन्हा धावू लागतात आणि वाद जिथे होता तिथेच थांबतो, पुढच्या आगीपर्यंत.

या चौघांचं एका गोष्टीवर न बोलता एकमत असतं. गाडीत जे भरलंय ते भरलंय, आता ते रिकामं कुठे करायचं एवढंच ठरवायचं आहे, असं ते धरून चालतात. माझ्या मते वाद इथेच चुकतो. डेपोचं काय होणार हे डेपोवर ठरत नाही. ते ठरतं घराच्या दाराशी, कचरा गाडीत पडतो त्या क्षणी. ओला कचरा सुक्यात मिसळला गेला असेल, तर पुढे तुम्ही तो पुरा, जाळा किंवा वेचून विका, तिन्ही वाटा बिघडणार. तो वेगळा राहिला असेल, तर तिन्ही वाटा बऱ्यापैकी चालतात. वाढत्या शहरांत, विशेषतः कमी उत्पन्नाच्या देशांत, कचऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. म्हणजे आपण ज्याला कचऱ्याचा प्रश्न म्हणतो तो बव्हंशी पाण्याचा प्रश्न आहे, आणि जागेवरून भांडताना त्या पाण्याचं नावही निघत नाही.

जागेच्या वादाचं टोक कुठवर जातं, ते पाहायला आदिस अबाबाला जावं लागेल. इथिओपियाच्या या राजधानीचा कोशे नावाचा कचरा डेपो १९६०च्या दशकात सुरू झाला तेव्हा तो शहराच्या वेशीबाहेर होता. पुढच्या पन्नास वर्षांत शहर वाढत त्याच्याभोवती आलं, आणि डेपोच्या उतारावर, पायथ्याशी घरं उभी राहिली. तिथे राहणाऱ्यांतले बरेच जण त्याच ढिगातून भंगार वेचून जगत होते. ढीग भरला, ओसंडू लागला. तेव्हा शहराने पाठ्यपुस्तकात शोभेल असाच निर्णय घेतला: फ्रान्सच्या आर्थिक मदतीने, शहराबाहेर सेंदाफा इथे नवी शास्त्रीय कचराभूमी बांधायची. २०१६च्या सुरुवातीला ती सुरू झाली. काही महिन्यांतच आसपासच्या शेतकऱ्यांनी गाड्या रोखल्या. त्यांचं म्हणणं होतं की दुर्गंधीने जगणं अशक्य झालंय, पाणी बिघडलंय, जनावरं मरताहेत. सेंदाफा ओरोमिया प्रांतात येतं, आणि राजधानी आपल्या जमिनी गिळत सुटली आहे या रागातून तेव्हा त्या प्रांतात मोठं आंदोलन पेटलेलं होतं. कचराभूमी बंद झाली आणि गाड्या मुकाट्याने पुन्हा कोशेकडे वळल्या. ११ मार्च २०१७च्या रात्री कोशेचा कडा ढासळला. शंभराहून अधिक माणसं गाडली गेली, त्यांत बायका आणि मुलं जास्त.

ही गोष्ट दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगू शकतात. एक म्हणेल, शेतकऱ्यांनी अडवलं नसतं तर माणसं मेली नसती. दुसरी म्हणेल, शेतकऱ्यांवर विचारपूस न करता कचरा लादला म्हणून हे घडलं. दोन्हींत तथ्य आहे. पण मला खटकतं ते वेगळंच. जुन्या डेपोवर जाणारी गाडी आणि नव्या शास्त्रीय जागेवर जाणारी गाडी यांच्या पोटात काही फरक होता का? नव्हता. तोच मिसळलेला, सडायला लागलेला, पाणी गाळणारा ऐवज. फक्त पत्ता बदलला होता. सेंदाफाच्या शेतकऱ्यांना नाकाने जे कळलं, ते योजनेच्या कागदावर दिसत नव्हतं.

आता ओल्या कचऱ्याने ढिगात नेमकं काय होतं ते पाहू, कारण वादात भाग घेणाऱ्या बहुतेकांनी ढिगाच्या आतला भाग कधी डोळ्यांसमोर आणलेला नसतो. ताजा कचरा पडला की सुरुवातीला त्यातल्या हवेच्या जोरावर जिवाणू तो कुजवतात आणि ढीग तापतो. काही आठवड्यांत आतली हवा संपते. मग हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि आधी आम्लं तयार करतात. वरून आलेला पाऊस आणि कचऱ्यातलंच पाणी या आम्लांतून खाली उतरताना बॅटरी, रंग, धातूचे तुकडे यांतून जे विरघळेल ते सोबत घेतं. खाली जमतो तो काळा, उग्र वासाचा द्रव म्हणजे लीचेट. त्यानंतरच्या टप्प्यात मिथेन बनू लागतो, आणि ढिगातून निघणाऱ्या वायूत निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक मिथेनच असतो. इस्तंबूलच्या उमरानिये डेपोवर एप्रिल १९९३मध्ये याच वायूचा स्फोट होऊन ढीग खालच्या घरांवर कोसळला आणि ३९ जण गेले. काच, वीट, माती, फाटकं प्लास्टिक यांच्या ढिगातून ना मिथेन निघतो, ना असा लीचेट. ढिगाला जिवंत आणि धोकादायक करतो तो ओला कचरा.

ढीग ढासळण्याचीही एक यांत्रिकी आहे. मिसळलेल्या कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या, कापडाच्या चिंध्या असतात, आणि मातीच्या भिंतीत काड्या घालाव्यात तसा त्यांचा ढिगाला आधार मिळतो. म्हणूनच कचऱ्याचे कडे अशक्य वाटावेत इतके उभे राहू शकतात, आणि म्हणूनच फसवे असतात. इंडोनेशियात बांडुंगजवळच्या लेउविगाजाह डेपोवर २१ फेब्रुवारी २००५ला तीन दिवसांच्या पावसानंतर सुमारे २७ लाख घनमीटर कचरा सरकून पायथ्याच्या वस्तीवर आला. १४० हून अधिक लोक मेले. नंतर अभियंत्यांनी तपास केला तेव्हा दोन कारणं पुढे आली: तळाशी वाढलेला पाण्याचा दाब, आणि ढिगाच्या पोटात बरेच दिवस धुमसत असलेली आग, जिने तो प्लास्टिकचा आधार जाळून टाकला होता. बाहेरून ढीग होता तसाच दिसत होता. डेपोवर काम करणारी माणसं अशा वेळी नुसत्या धुराकडे पाहत नाहीत, माथ्यावर भेगा पडल्यात का आणि उताराच्या पायथ्यातून नवं काळं पाणी फुटलंय का ते पाहतात. त्या दोन्ही खुणा एकदम दिसल्या तर खालची वस्ती त्याच दिवशी हलवावी लागते.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो मला मान्य आहे. हे सगळं उघड्यावरच्या डेपोचं वर्णन झालं, शास्त्रीय कचराभूमीचं नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. नीट बांधलेल्या कचराभूमीत तळाला साधारण ६० सेंटिमीटर दाबलेल्या चिकणमातीचा थर असतो, त्यावर दीड मिलिमीटर जाड प्लास्टिकचं अस्तर, त्यावर लीचेट वाहून नेणाऱ्या नळ्या. रोज संध्याकाळी दिवसभराच्या कचऱ्यावर १५ सेंटिमीटर मातीचं आच्छादन. वायू गोळा करायला विहिरी. असं काटेकोर काम जिथे वर्षानुवर्षं होतं तिथे कडे ढासळत नाहीत आणि विहिरीचं पाणी काळं होत नाही. पण 'काटेकोर' आणि 'वर्षानुवर्षं' या शब्दांचं वजन पाहा. अमेरिकेच्या नियमांत कचराभूमी बंद झाल्यावरही तीस वर्षं देखभाल करायला सांगितलेली असते. तळावर साचणारं पाणी तीस सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचं नसतं, म्हणजे पंप बंद पडून चालत नाही. कोणत्या वाढत्या शहराची कोणती यंत्रणा तीस वर्षं, निवडणुका बदलल्या, ठेकेदार बदलले, निधी आटला तरी रोज संध्याकाळी माती टाकेल? फितीवर कात्री चालवायला नेते येतात, मातीच्या ट्रकसाठी निधी मागायला मात्र कुणी येत नाही. अस्तर फाटलं, पंप थांबला, माती संपली, की शास्त्रीय कचराभूमी आणि कोशे यांच्यात उरतो तो फक्त काळाचा फरक. ओला कचरा आत गेलाच नाही, तर हीच कचराभूमी साध्या, स्वस्त व्यवस्थापनावरही तग धरते. अभियांत्रिकीला विरोध कोण करेल? तिच्या पाठीवर किती ओझं लादतो, हा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप भट्टीवाल्यांचा. स्वीडन, जपान, सिंगापूर जाळतात ना? जाळतात, आणि चांगलं जाळतात. पण भट्टीचा इतिहास कचऱ्याच्या वादात कुणी आठवत नाही, आणि तो फार बोलका आहे. १८७४ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये पहिली शहरी कचराभट्टी सुरू झाली. तिचं नावच 'डिस्ट्रॉयर'च्या थाटाचं, 'डिस्ट्रक्टर'. ब्रिटनमध्ये ती चालली, कारण तिथल्या घरांच्या कचऱ्यात चुलीतल्या अर्धवट जळलेल्या कोळशाचा भरपूर भाग असायचा. कचरा स्वतःच्या बळावर जळायचा. अमेरिकेतल्या शहरांनी ही कल्पना उचलली आणि घाईघाईत स्वस्तातल्या भट्ट्या बांधल्या. १८८५ ते १९०८ या काळात तिथे १८० भट्ट्या उभ्या राहिल्या आणि १९०९ पर्यंत त्यांपैकी १०२ बंद पडल्या किंवा पाडल्या गेल्या. बांधणी कमकुवत होती हे एक कारण. दुसरं, अमेरिकन कचरा अधिक ओला होता. यंत्र आयात करता आलं, कचरा कसा आयात करणार?

तेव्हापासून भट्ट्या कितीतरी सुधारल्या, पण पाण्याचा गुणधर्म बदललेला नाही. हिशोब अगदी साधा आहे. समजा एका शहरात रोज १,००० टन कचरा निघतो, त्यात ५५० टन ओला. ओल्या कचऱ्यात सत्तर टक्के पाणी धरलं तर ते झालं ३८५ टन. सुक्या ४५० टनांतही पंधराएक टक्के ओलावा असतो, म्हणजे आणखी ६५ टन. एकूण ४५० टन पाणी. दहा टनी ट्रकच्या पंचेचाळीस खेपा रोज निव्वळ पाणी वाहण्यात जातात, डिझेल जाळून, दूरच्या डेपोपर्यंत. आता हा कचरा भट्टीत टाका. त्यात रस्त्याची माती, काच, राख १५० टन धरू, ती जळत नाही. जळणारा भाग उरला ४०० टन. त्याची उष्णता किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी धरली, तर एक किलो मिसळलेल्या कचऱ्यामागे १,६०० किलोकॅलरी मिळतात. पण त्यातलं ४५० ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २७० किलोकॅलरी घेऊन जातं. हातात राहतात साधारण १,३३०. जागतिक बँकेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत भट्टीसाठीची किमान अट दिली आहे: वर्षाची सरासरी किलोला ७ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १,६७० किलोकॅलरी, आणि कोणत्याही ऋतूत ६ मेगाज्यूल म्हणजे १,४३० च्या खाली नाही. आपलं काल्पनिक शहर कोरड्या ऋतूतच नापास होतं. पावसाळ्यात तर भट्टीला बाहेरून तेल पाजून जागं ठेवावं लागेल.

याच हिशोबात ओला कचरा वेगळा काढा. उरलेल्या ४५० टनांत पाणी फक्त ६५ टन, जळणारा भाग २३५ टन. किलोला सुमारे २,००० किलोकॅलरी मिळतात आणि भट्टी आपल्या बळावर चालते. म्हणजे भट्टी हवी असेल तरी आधी ओला कचरा वेगळा करावाच लागतो. आणि तो वेगळा केला की भट्टी निम्म्याहून लहान पुरते. इथे एक अवघड गोष्ट आहे, ती भट्टीवाले मोठ्याने सांगत नाहीत. भट्टीचे करार बहुधा असे असतात की शहराने रोज अमुक टन कचरा द्यायचाच, कमी दिला तरी पैसे भरायचे. हजार टनांची भट्टी बांधून बसलेल्या शहराला कचरा कमी करायची इच्छा उरेल का? शिवाय भट्टीला जळायला हवा असतो तो कागद आणि प्लास्टिक, म्हणजे नेमकं तेच, जे भंगारवाल्यालाही हवं असतं. कोशेची गोष्ट इथे पुन्हा आठवते. त्या दुर्घटनेनंतर वर्ष-दीड वर्षात, ऑगस्ट २०१८मध्ये, त्याच परिसरात रोज १,४०० टन क्षमतेच्या कचरा-वीज प्रकल्पाचं उद्घाटन झालं. घरोघरीचा कचरा दाराशीच वेगळा करायचं काम एवढ्या गाजावाजाने कुठल्या शहराने सुरू केल्याचं मला आठवत नाही.

तिसरी बाजू पुनर्वापराची. तिच्याबद्दल मला आपुलकी आहे, म्हणूनच तिचा एक भाबडेपणा सांगायला हवा. पुनर्वापर म्हणजे बाटल्या आणि पुठ्ठा असं ती समजते, आणि ओला कचरा त्या चित्रातून अलगद निसटतो. कैरोचे झब्बालीन यांचं उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही माणसं गाढवाच्या गाडीतून घरोघरचा कचरा जिन्यावरून खाली आणायची, आपल्या वस्तीत नेऊन हातांनी निवडायची, विकायची. ते कचऱ्याचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग पुन्हा वापरात आणत, असं सर्रास सांगितलं जातं. एवढा मोठा आकडा शक्य झाला तो ओल्या कचऱ्यामुळे, कारण तो त्यांची डुकरं खात. २००३ साली सरकारने स्पॅनिश आणि इटालियन कंपन्यांना पंधरा वर्षांचे ठेके दिले. करारात पुनर्वापराचं बंधन फक्त वीस टक्क्यांचं होतं, आणि लोकांनी कचरा खाली आणून रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत टाकायचा होता. लोकांना ते रुचलं नाही, जिन्यावरून कचरा नेणारे झब्बालीन मधल्या मध्ये अडचणीत आले. मग २००९मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारून टाकली. तो आजार डुकरांपासून तिथे पसरत नव्हता, पण निर्णय झाला तो झाला. झब्बालीनांनी प्लास्टिक आणि कागद उचलणं चालू ठेवलं, ओला कचरा मात्र रस्त्यावरच राहू लागला, आणि काही महिन्यांत कैरो सडू लागलं. सुक्याला बाजार होता तसाच होता. ओल्याला न्यायला कुणी उरलं नव्हतं. साऱ्या व्यवस्थेचा सांधा कुठे होता, ते तो निखळल्यावर दिसलं.

इथवर ज्यांना पटलं असेल त्यांच्याही मनात सगळ्यात मोठा आक्षेप अजून शिल्लक असेल: लोक वेगळा करत नाहीत हो. करायला लावलं की चार महिने करतात, मग विसरतात. हा आक्षेप खोटा ठरवायला इतिहास फारशी मदत करत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली कर्नल जॉर्ज वॅरिंग स्वच्छता आयुक्त झाले. त्यांनी सफाई कामगारांना पांढरे गणवेश दिले आणि घरातला ओला कचरा, राख आणि सुका कचरा अशा तीन वेगळ्या भागांची सक्ती केली. ती चाललीही. पण १८९८मध्ये सत्ता बदलली, वॅरिंग गेले आणि व्यवस्था विस्कटत गेली. पुढे कचरा समुद्रात टाकणं १९३४ पर्यंत चालू राहिलं, तेही थांबलं ते शेजारच्या न्यू जर्सीने सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला म्हणून. मग १९४८मध्ये 'तात्पुरती' म्हणून उघडलेली फ्रेश किल्सची कचराभूमी २००१ पर्यंत चालली. लॉस एंजेलिसची कथा तर विनोदीच. तिथे ओला कचरा आणि डबे वेगळे ठेवायचा नियम होता. १९६१च्या महापौरपदाच्या निवडणुकीत सॅम योर्टी यांनी गृहिणींना या कटकटीतून सोडवायचं आश्वासन दिलं आणि ते निवडून आले. कचरा वेगळा ठेवणं मतं घालवू शकतं, ही भीती काल्पनिक नाही.

पण या दोन्ही गोष्टींत अपयश कुणाचं होतं, ते नीट पाहा. न्यूयॉर्कच्या घरांनी वेगळं करणं सोडलं नव्हतं, सरकारने सोडलं होतं. लोक का सोडतात, यामागचं सगळ्यात नेहमीचं कारण आळस नसतं. ते दोन डबे भरतात आणि खिडकीतून पाहतात की गाडीवाला दोन्ही एकाच हौद्यात उलटा करतोय. दुसऱ्या दिवशी तेही एकच डबा ठेवतात. माझ्या मते ही माणसं शहाणी आहेत. आणि गाडीवाला तसं का करतो? कारण ठेकेदाराला पैसे वजनकाट्यावरच्या टनांप्रमाणे मिळतात. ओला कचरा सर्वांत जड. पाण्याचे पैसे मिळत असताना पाणी वेगळं कोण काढेल? या कामात काही वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात कचऱ्याचं वजन वाढतं आणि कुणाचीच तक्रार येत नाही. काही ठिकाणी गाडीत बांधकामाचा राडारोडा आणि मातीही चढते, काटा काय, त्याला सगळं सारखंच. कराराचं एक कलम लोकांच्या हजार सवयींवर भारी पडतं. जनजागृतीची पथनाट्यं ते कलम बदलू शकत नाहीत.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. दक्षिण कोरियाने १९९५ साली घरगुती कचऱ्याला पिशवीच्या आकारमानाप्रमाणे शुल्क लावलं. २००५मध्ये खरकटं थेट कचराभूमीत पुरायला बंदी घातली. २०१३ पासून बऱ्याच इमारतींत खरकट्याच्या पेट्या वजन करून घराच्या नावावर पैसे लावू लागल्या. १९९५मध्ये खरकट्याचा दोन टक्के भाग पुनर्वापरात जात होता, तो आता पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास आहे. लोक रातोरात सज्जन झाले असं नव्हे. मिसळलेली पिशवी महाग पडू लागली आणि वेगळं दिलेलं खरोखर वेगळंच जाताना दिसलं. तिथलंही सगळं गोड नाही. खरकट्याच्या खतात मीठ जास्त राहतं, म्हणून शेतकरी ते घ्यायला नाखूश असतात, आणि प्रक्रियेतून निघणारं घाण पाणी २०१३मध्ये बंदी येईपर्यंत समुद्रात टाकलं जात होतं. ओला कचरा वेगळा केला म्हणजे तो नाहीसा होत नाही. पण तो काय आहे, किती आहे आणि कुठे चाललाय हे माहीत असतं, आणि मिसळलेल्या ढिगाबाबत यातलं काहीच कधी माहीत नसतं. सोलचा जुना नान्जिदो डेपो १९७८ ते १९९३ एवढ्या पंधरा वर्षांत जवळपास शंभर मीटर उंच झाला होता. आज त्याच्यावर बाग आहे, आणि बागेखाली वायू व लीचेट गोळा करायच्या नळ्या अजून काम करताहेत.

मग डेपो कुठे? इतकं सगळं केल्यावरही काहीतरी उरतंच: राख, माती, फुटकी काच, ज्याला कुणी विचारत नाही असं प्लास्टिक. शून्य कचरावाले हे मान्य करत नाहीत, तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. काहीतरी पुरावं लागणार, कुठेतरी पुरावं लागणार. आणि जागा निवडताना अन्याय होतो हेही खोटं नाही. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९७९च्या एका खटल्याच्या निमित्ताने समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी मोजदाद केली, तेव्हा कृष्णवर्णीय लोकसंख्या सुमारे पाव असूनही शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी त्यांच्याच वस्त्यांत निघाल्या. जागा भूगर्भ पाहून निवडतात असं सांगितलं जातं, प्रत्यक्षात कोण किती ओरडू शकेल तेही पाहिलं जातं. म्हणून गावकऱ्यांना हट्टी म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: तुमच्या गाडीत काय आहे ते सांगू शकाल? गाडीत सुका, कोरडा, न सडणारा उरलेला माल असेल, तर डेपोला वास नाही, मिथेन नाही, कुत्री-घारी नाहीत, आणि जागाही निम्म्याहून कमी लागते. अशा जागेवर बोलणी होऊ शकतात. गळणाऱ्या गाडीवर कसली बोलणी करायची?

गावांनी मात्र मागण्या बदलायला हव्यात, असं मला वाटतं. भरपाई आणि रस्ता मागितला जातो, तो मिळतो किंवा मिळत नाही, आणि वास राहतोच. त्याऐवजी काट्यावर गावाचा माणूस बसवायची मागणी करावी. ओला, सुका आणि उरलेला कचरा यांची वजनं वेगळी नोंदली जावीत आणि रोज फलकावर लिहिली जावीत. प्रत्येक दिवशी दोन-चार गाड्या निवडून त्यांतला कचरा जमिनीवर पसरून पाहावा, आणि उरलेल्या कचऱ्याच्या गाडीत ठरल्यापेक्षा जास्त ओलं निघालं तर ती परत पाठवायचा अधिकार करारात लिहिलेला असावा, परतीच्या खेपेचा खर्च ठेकेदाराच्या बिलातून. ठेकेदाराचं बिल टनावर नको, किती घरांतून वेगळा कचरा उचलला त्यावर हवं. आणि ज्याच्याकडे वजनकाटा नाही किंवा नोंदी वाचायचा अधिकार नाही, त्याने निदान डेपोच्या रस्त्याला सकाळी उभं राहून गाडीच्या मागच्या झाकणाखाली पाहावं. तिथून थेंब पडत असतील तर आत काय चाललंय ते वेगळं सांगायला नको.